करिअर समुपदेशन-सत्राचा गोषवारा

विद्यार्थी, पालक आणि समुपदेशक यांच्यातील ध्वनिमुद्रित बैठक ऐकून तयार केलेले लेखी टिपण. त्याचे रूढ भाग तीन : चर्चेत आलेले पर्याय, प्रवेशपरीक्षा आणि पुढची पावले. या नोंदीत मुख्यतः महाराष्ट्रातील अकरावी-बारावी विज्ञान शाखेचा विचार केला आहे.

पर्याय. समुपदेशनाच्या बैठकीत बोलली जाणारी बरीच वाक्ये ‘जर’ आणि ‘तर’ यांनी जोडलेली असतात. टिपण लिहिताना नेमका हा जोड गळतो आणि अभ्यासक्रमाचे नाव तेवढे उरते. त्यामुळे वडिलांनी सहज उच्चारलेला पर्याय आणि समुपदेशकाने विचारपूर्वक सुचवलेला पर्याय कागदावर एका ओळीत येतात. प्रत्येक पर्यायापुढे तो कोणी काढला, कोणत्या अटीवर तो खुला राहतो आणि त्याचा निर्णय कधी व्हायचा आहे, एवढे लिहिले तरच गोषवारा उपयोगी पडतो. नमुन्यादाखल अशी बैठक घेऊ : अकरावीत नुकताच प्रवेश घेतलेली इतर मागासवर्गातील मुलगी, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही विषय घेतलेली. वडिलांचे म्हणणे, “मेडिकलच करायचंय, मग गणित कशाला?” समुपदेशक म्हणतात, “नीटची तयारी सुरू ठेव, पण गणित एवढ्यात सोडू नकोस. सहामाहीचे गुण बघू आणि मग ठरवू.” मुलगी पूर्ण बैठकीत एकदाच आपणहून बोलते आणि औषधनिर्माणशास्त्राबद्दल विचारते. या बैठकीचा घाईने केलेला गोषवारा ‘एमबीबीएस, बीएएमएस, बी.फार्म., इंजिनिअरिंग’ असा निघतो. त्यातले एकही नाव चूक नाही, तरी बैठकीत काय ठरले ते त्यात नाही. नीट टिपलेला गोषवारा सांगेल की एमबीबीएस आणि बीएएमएस हे वडिलांनी मांडलेले पर्याय असून दोन्हींना नीट द्यावी लागते. इंजिनिअरिंग गणित ठेवले तरच उरते आणि तो निर्णय सहामाहीनंतर व्हायचा आहे. बी.फार्म. गणित सोडले तरी चालू राहते आणि ते विद्यार्थिनीने स्वतः विचारले आहे. ही शेवटची नोंद पुढच्या बैठकीची सुरुवात ठरू शकते, म्हणून ती वगळणे हा मोठा दोष मानावा लागेल.

यावर आक्षेप घेतला जातो की पालकांना एका पानाचा, सरळ कागद हवा असतो आणि अटींनी तो किचकट होतो. आक्षेपात तथ्य आहे, पण पान वाढते ते अटींमुळे नव्हे. कलचाचणीचे गुण, विद्यार्थ्याच्या स्वभावाचे वर्णन आणि महाविद्यालयांची नावे यांनी बहुतेक जागा अडवलेली असते. वरच्या बैठकीतील सगळ्या अटी चार ओळींत मावतात.

प्रवेशपरीक्षा. या भागात चुका ऐकण्यातून शिरतात. मराठी बोलण्यात ‘सीईटी’ म्हटले की साधारणपणे एमएचटी-सीईटी अभिप्रेत असते. पण राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष विधी, नर्सिंग, व्यवस्थापन अशा अनेक सीईटी घेतो आणि केंद्रीय विद्यापीठांची सीयूईटी ध्वनिफितीत जवळपास तशीच ऐकू येते. ‘टक्के’ आणि ‘पर्सेंटाइल’ यांची गल्लत याहून घातक. एमएचटी-सीईटीचा निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. 90 पर्सेंटाइल म्हणजे आपल्या बरोबरीचे वा आपल्या खालचे शंभरात नव्वद परीक्षार्थी, तर 90 टक्के म्हणजे शंभरपैकी नव्वद गुण. समुपदेशक बोलण्याच्या ओघात “नव्वद हवेत” म्हणतात आणि लिहिणारा टक्के लिहून मोकळा होतो. मागचे-पुढचे वाक्य ऐकूनही उलगडा होत नसेल तर तिथे प्रश्नचिन्ह ठेवून समुपदेशकाला विचारावे. एकोणसत्तर, एकोणऐंशी यांसारखे आकडे दुसऱ्यांदा ऐकल्याशिवाय उतरवू नयेत.

नमुन्यातील मुलीला लागू होणाऱ्या मुख्य परीक्षा दोन. नीटमध्ये बरोबर उत्तराला 4 गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराचा 1 गुण कापला जातो. एमएचटी-सीईटीत गुण कापले जात नाहीत, तिथे सुमारे 20 टक्के भार अकरावीच्या अभ्यासक्रमाचा असतो आणि जीवशास्त्र-गट व गणित-गट यांचे निकाल वेगळे लागतात. गणित ठेवले तर ती दोन्ही गट देऊ शकते. समुपदेशकाच्या ‘एवढ्यात सोडू नकोस’ या सल्ल्याचे कारण बहुधा हेच आहे, पण बैठकीत ते उच्चारले गेले नसेल तर गोषवाऱ्यात त्यांच्या नावावर घालू नये.

समुपदेशकाने दिलेली माहिती जुनी किंवा चुकीची निघाली तर काय करावे, याबद्दल एकमत नाही. काहींच्या मते गोषवारा बोललेल्याशी प्रामाणिक राहावा, तर काहींच्या मते विद्यार्थ्याच्या हाती चुकीची माहिती जाऊ देणे हाच अपराध. दोन्ही बाजू राखता येतात : बोललेले तसेच लिहावे आणि खाली त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत काय आढळले ते वेगळे नोंदवावे. गुपचूप केलेली दुरुस्ती मात्र टाळावी, कारण मग चुकीची माहिती कुठून आली हे समुपदेशकालाही कळत नाही.

पुढची पावले. ‘अभ्यास वाढवणे, कागदपत्रे जमवणे’ अशी ओळ अनेक गोषवाऱ्यांत सापडते. ती कोणाच्याच कामाची नाही. नमुन्यातील बैठकीत, निघायच्या वेळी, आई म्हणते, “जातीचा दाखला आहे, व्हॅलिडिटीचं अजून काही केलेलं नाही.” पुढच्या दोन वर्षांच्या दृष्टीने बैठकीतले हे सर्वांत तातडीचे वाक्य, आणि ते उठता-उठता बोलले गेल्यामुळे सुटण्याची शक्यताही सर्वांत जास्त. राखीव जागेवरील प्रवेशासाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते. इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा मागितला जातो, म्हणजे बहुधा आजोबांच्या शाळेतील नोंदवहीचा उतारा. तो गावच्या शाळेतून मिळवायला, नावातला वा आडनावातला फरक निस्तरायला आणि पडताळणी समितीपुढे प्रकरण चालायला महिने जाऊ शकतात. म्हणून हे काम अकरावीतच सुरू करायचे. नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्राचे उलटे आहे : ते मुदतीचे असते आणि प्रवेशाच्या वर्षी चालू असावे लागते, त्यामुळे फार आधी काढून ठेवले तर पुन्हा काढावे लागते. ‘कागदपत्रे’ या एका शब्दात दोन्ही कोंबली की कोणते आज आणि कोणते पुढे, हा भेद पुसला जातो. प्रत्येक पावलापुढे करणाऱ्याचे नाव आणि वेळ असावी : वडिलांनी शाळेचा उतारा या महिन्यात आणायचा, मुलीने सहामाहीचे गुणपत्रक घेऊन पुढच्या बैठकीला यायचे, समुपदेशकांनी बी.फार्म.ची माहिती त्याआधी पाठवायची.

वैधतेच्या कामाला सरकारने काही वर्षी मुदतवाढ दिली आहे, तेव्हा एवढी घाई कशाला, असेही विचारले जाते. मुदतवाढ मिळते ती आयत्या वेळी आणि दरवर्षी मिळेलच असे नाही. तिच्या भरवशावर पाऊल पुढे ढकलायचे असेल तर तो निर्णय कुटुंबाने जाणूनबुजून घ्यावा, गोषवारा लिहिणाऱ्याच्या दुर्लक्षामुळे तो होऊ नये.

दहावीनंतर. बैठक अकरावीपूर्वीच्या विद्यार्थ्याची असेल तर : तंत्रनिकेतनातील अभियांत्रिकी पदविकेसाठी प्रवेशपरीक्षा नाही, दहावीच्या गुणांवर प्रवेश.

विधी. विद्यार्थ्याचा कल कायद्याकडे असेल तर : पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी राज्याची सीईटी, बहुतेक राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट.

ध्वनिमुद्रण. मुद्रणापूर्वी विद्यार्थी आणि पालक या दोघांची संमती घ्यावी. पालकांची संमती यासाठी की 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे.