एका खोलीतली चार कुटुंबं

दोन भाऊ वेगळे झाले हे सांगायला मराठीत ‘वेगळी चूल मांडली’ एवढंच पुरतं. वाडा तोच, अंगण तेच, पण चूल दुसरी झाली की घर दुसरं झालं. गंमत म्हणजे भारताची जनगणनाही कुटुंब असंच मोजते. तिच्या व्याख्येत रक्ताचं नातं लागत नाही. जे एकत्र राहतात आणि एकाच स्वयंपाकघरातलं जेवतात, ते एक कुटुंब.

मी दिघीत राहतो आणि दिवसभर डेटाबेस सांभाळतो. त्यामुळे कुठलाही तक्ता उघडला की माझा पहिला प्रश्न असतो, इथे एक ओळ म्हणजे नेमकं काय? २०११ च्या जनगणनेचे घरांविषयीचे तक्ते मी याच सवयीने वाचायला घेतले. पिण्याचं पाणी, संडास, स्वयंपाकाचं इंधन असे ते तक्ते. आकडे कळायला सोपे आहेत. अवघड आहे ते त्या एका ओळीचा अर्थ लावणं.

एक उदाहरण घेऊ. ते काल्पनिक आहे, पण भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांमुळे अशा खोल्या आमच्याकडे गल्लोगल्ली सापडतात. एका बैठ्या चाळीत सहा खोल्या आहेत. पाच खोल्यांत पाच संसार, सगळे गॅसवर स्वयंपाक करणारे. सहाव्या खोलीत चार कामगार कॉट बेसिसवर राहतात. चौघं एकमेकांचे कोणी लागत नाहीत.

हे चौघं मिळून एका शेगडीवर भात-आमटी करत असतील, तर ते एक कुटुंब. चाळीत कुटुंबं सहा, गॅसवर स्वयंपाक करणारी सहा, म्हणजे १०० टक्के. आता समजा, शिफ्ट जुळत नाहीत म्हणून त्यांनी शेगडी विकली आणि प्रत्येकाने मेसचा डबा लावला. गणकांना दिलेली सूचना स्पष्ट आहे: नात्यात नसलेली माणसं एका घरात राहत असली तरी सामायिक स्वयंपाकघरातलं जेवत नसतील, तर प्रत्येक जण स्वतंत्र कुटुंब. म्हणजे त्या एका खोलीत चार कुटुंबं झाली. इंधनाच्या तक्त्यात ‘स्वयंपाक नाही’ असा एक रकाना असतो, चौघंही त्यात जातात. चाळीत कुटुंबं नऊ झाली आणि गॅसवाली उरली पाच. १०० टक्क्यांचे सुमारे ५६ टक्के झाले. कोणी चुलीकडे परत गेलं नाही, कोणाचं सिलिंडर बंद झालं नाही. फक्त छेद बदलला.

हे सगळं गणक काय विचारतो त्यावर अवलंबून आहे. ‘इथे किती जण राहता?’ एवढंच विचारून त्याने पुढची खोली गाठली, तर चौघांचं एकच कुटुंब लिहिलं जाऊ शकतं. ‘जेवण कुठे होतं?’ हे विचारलं तरच चार ओळी होतात. त्यामुळे एखाद्या वॉर्डात एका माणसाची कुटुंबं आणि ‘स्वयंपाक नाही’चा आकडा दोन्ही एकदम जास्त दिसले, तर मी तिथे आधी डब्यावर राहणारे कामगार शोधेन, गरिबी नंतर.

याच दिघीत आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे. कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये राहून मेसमध्ये जेवणारी मुलंही एकमेकांच्या नात्यातली नसतात. पण ती संस्थेत राहतात आणि एकाच भटारखान्यातलं जेवतात, म्हणून त्यांचं मिळून ‘संस्थात्मक कुटुंब’ होतं. पाणी, संडास आणि इंधनाच्या या तक्त्यांतून संस्थात्मक कुटुंबं वगळलेली असतात. मुलं लोकसंख्येत मोजली जातात, पण त्यांच्या नळाची आणि संडासाची नोंद इथे सापडत नाही. म्हणजे हॉस्टेलमधली शेकडो मुलं या तक्त्यांत शून्य ओळी आणि कॉटवरचे चार कामगार चार ओळी.

आता संडासाकडे येऊ, कारण इथे इतिहास सरळ आकड्यांत शिरतो. २००१ मध्ये प्रश्न होता, घरात संडास आहे का? असेल तर कोणत्या प्रकारचा, नसेल तर ‘नाही’. वस्तीतल्या सार्वजनिक संडासासमोर सकाळी रांगेत उभं राहणारं कुटुंब आणि उघड्यावर जाणारं कुटुंब दोन्ही त्याच ‘नाही’मध्ये पडली. २०११ मध्ये ‘नाही’चे दोन भाग केले, सार्वजनिक संडास आणि उघड्यावर. तेव्हा देशात सार्वजनिक संडास वापरणारी कुटुंबं ३.२ टक्के निघाली आणि महाराष्ट्रात १२.९ टक्के. आपल्या झोपडपट्ट्यांची आणि वस्त्यांची रोजची सकाळ दहा वर्षांपूर्वीच्या तक्त्यात दिसतच नव्हती.

त्याच वेळी आणखी एक शब्द हलला. ‘घरात’च्या जागी ‘आवारात’ आलं. चाळीच्या अंगणात सहा खोल्यांना मिळून दोन संडास असतील, तर ते आवारातलेच. पण २०११ च्या तक्त्यात सामायिक संडासाला वेगळा रकाना नव्हता. त्यामुळे फ्लॅटमधला स्वतःचा संडास आणि नऊ कुटुंबांनी वाटून घेतलेले दोन संडास एकाच आकड्यात बेरजेला गेले. महाराष्ट्रात आवारात संडास असलेली कुटुंबं ५३.१ टक्के होती. या आकड्यातून तिथे किती वेळ थांबावं लागतं ते कळत नाही. २०२१ च्या जनगणनेसाठी केलेल्या प्रश्नावलीत मात्र फक्त कुटुंबासाठी, इतर कुटुंबांसोबत सामायिक, सार्वजनिक आणि उघड्यावर असे चार पर्याय होते. ती जनगणना कोविडमुळे लांबली. आता पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे.

पाण्याचा तक्ता दोन गोष्टी सांगतो, पाणी कशाचं आणि ते किती लांब. लांबीचे पर्याय तीन: आवारात, जवळ, दूर. यात ‘जवळ’ची फूटपट्टी गावात आणि शहरात वेगळी आहे. गावात ५०० मीटरच्या आत म्हणजे जवळ, शहरात १०० मीटरच्या आत. १९९७ मध्ये दिघी आसपासच्या गावांबरोबर पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली, आणि २००१ ला इथल्या घरांना शहरी माप लागलं. एखादी बाई ३०० मीटरवरून हंडा आणत असेल, तर हद्दीपलीकडच्या गावात तिचं पाणी ‘जवळ’ आणि दिघीत ‘दूर’. हंडा तेवढाच जड, चालणंही तेवढंच. बदलली ती फक्त हद्द. म्हणून ‘जवळ’चा आकडा गाव आणि शहर यांत थेट ताडून पाहता येत नाही. ‘आवारात’चा पाहता येतो.

अर्थात आवारातल्या नळालाही मर्यादा आहे. पाणी किती वेळ येतं हे हा तक्ता विचारत नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या अखेरीपासून दिवसाआड पाणी येऊ लागलं. जनगणनेच्या भाषेत दिवसाआडचा नळ आणि चोवीस तासांचा नळ एकाच रकान्यात बसतात.

मग हे तक्ते निरुपयोगी आहेत का? नाही. सगळी घरं एकाच प्रश्नावलीने मोजणारं दुसरं काही आपल्याकडे नाही, आणि वॉर्डात कुठे काय कमी आहे हे त्यातूनच दिसतं. फक्त दोन जनगणनांची तुलना करण्याआधी मी तीन गोष्टी तपासतो. प्रश्नाचे शब्द तेच आहेत का, ‘नाही’मध्ये कोण कोण बसलंय, आणि भागायला घेतलेल्या कुटुंबांत संस्थात्मक आहेत की नाहीत.

पुढचे तक्ते आले की दिघीच्या वॉर्डात मी आधी सामायिक संडासाचा रकाना वेगळा दिलाय का ते बघेन, आणि मग ‘स्वयंपाक नाही’चा आकडा. पहिल्यातून आमच्या चाळी दिसतील आणि दुसऱ्यातून डबेवाले कामगार, गणकाने जेवणाचं विचारलं असेल तर.