निकालाचा आलेख: वृत्त की स्तंभ?

शाळेच्या निकालपत्रकात आकडेवारी चित्ररूपाने मांडण्याचे दोन मार्ग प्रचलित आहेत : वृत्तालेख (पाय चार्ट) आणि स्तंभालेख (बार चार्ट). दोन्हींचे श्रेय विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश लेखकाकडे जाते. स्तंभालेख त्याच्या १७८६च्या ग्रंथात, तर वृत्तालेख १८०१च्या ग्रंथात आढळतो. यांतील निवड आवडीवर नव्हे, तर आकड्यांच्या स्वरूपावर ठरते.

समजा, पुण्यातील मंडई परिसरातल्या एका शाळेत १२० विद्यार्थी वार्षिक परीक्षेला बसले. विशेष प्रावीण्य ३६, प्रथम श्रेणी ३०, द्वितीय श्रेणी २४, उत्तीर्ण श्रेणी १२ आणि अनुत्तीर्ण १८. येथे प्रत्येक विद्यार्थी एकाच गटात मोडतो आणि बेरीज १२० होते. वर्तुळाचे ३६० अंश १२० जणांत वाटल्यास प्रत्येकाच्या वाट्याला ३ अंश येतात. विशेष प्रावीण्याला १०८, तर अनुत्तीर्णांना ५४ अंशांचा कोन मिळतो. एका संपूर्णाचे असे भाग दाखविण्यास वृत्तालेख योग्य ठरतो.

विषयवार निकालाची गोष्ट मात्र वेगळी आहे. मराठीत ११७, हिंदीत ११८, इंग्रजीत ११०, गणितात १०४, विज्ञानात ११२ आणि सामाजिक शास्त्रांत ११६ विद्यार्थी उत्तीर्ण झाले, असे मानू. बेरीज ६७७ भरते. कारण एकच विद्यार्थी अनेक विषयांत मोजला गेला आहे. संगणक याही आकड्यांचा वृत्तालेख बिनतक्रार काढून देतो. त्यात मराठीला सुमारे ६२ आणि गणिताला सुमारे ५५ अंश मिळतात. हा फरक डोळ्यांना जेमतेम जाणवतो आणि गणितात १६ विद्यार्थी नापास झाले, ही पालकांना कळावयास हवी अशी बाब झाकली जाते. विषयवार अनुत्तीर्णांचा स्तंभालेख काढल्यास मराठीच्या ३ शेजारी गणिताचा १६ उंचीचा स्तंभ तत्काळ उठून दिसतो. कोनांपेक्षा समान पायावरील उंची डोळ्यांना अधिक अचूक पारखता येते, हे क्लीव्हलँड व मॅकगिल यांनी १९८४मध्ये प्रयोगाने दाखविले.

स्तंभालेखही फसवू शकतो. उत्तीर्णांचा अक्ष शून्याऐवजी १००पासून सुरू केल्यास गणिताचा स्तंभ ४, तर हिंदीचा १८ एकक उंच होतो आणि १४ विद्यार्थ्यांचा फरक साडेचार पट भासतो. म्हणून स्तंभांचा पाया शून्यावरच हवा.

दोन वर्षांच्या तुलनेसाठी दोन वर्तुळे शेजारी ठेवण्यापेक्षा जोडस्तंभालेख सोयीचा असतो; पटसंख्या बदलली असल्यास त्यात शेकडेवारी घ्यावी. गतवर्षी ९०पैकी २७ जणांना विशेष प्रावीण्य मिळाले असेल, तर यंदाचे ३६ ही वाढ वाटते. प्रत्यक्षात प्रमाण दोन्ही वर्षी ३० टक्केच आहे.

अखेरीस छपाईचा विचार. अहवालाची काळी-पांढरी झेरॉक्स निघणार असेल, तर वृत्तालेखातील रंग एकसारखे करडे होतात. अशा वेळी गटाचे नाव व संख्या प्रत्येक भागावरच लिहावी.