गोरमाटी हिंदीच्या खात्यावर कशी जमा झाली?

'भारतात भाषा किती?' या प्रश्नाला सरकारी उत्तर आहे १२१. १९६१ च्या जनगणनेत मात्र १६५२ मातृभाषांची यादी होती. मधल्या काळात दीड हजार भाषा मेल्या का? नाही. मोजायची रीत बदलली.

ढोकीचंच उदाहरण घेऊ. ढोकी म्हटलं की तेरणा साखर कारखाना आणि ऊसतोड आठवते. आपल्या जिल्ह्यातल्या तांड्यावरची आई लेकराशी गोरमाटी बोलते. जनगणनेची व्याख्याही तीच आहे: बालपणी आई ज्या भाषेत बोलायची, ती मातृभाषा. प्रगणकाने सांगितलेलं नाव जसंच्या तसं लिहायचं असतं. पण गणना होते फेब्रुवारीत. तेव्हा तांड्यावरची कितीतरी माणसं कोयता घेऊन दुसऱ्याच्या फडात असतात. खोपीवर आलेल्या प्रगणकाला मुकादमानेच 'मराठी लिहा' म्हटलं, तर गोरमाटी तिथेच पुसली जाते.

नाव नीट लिहिलं गेलं तरी पुढे कार्यालयातली छाननी असते. २०११ मध्ये देशभरातून १९,५६९ नावं आली. त्यांत एकाच भाषेची वेगवेगळी स्पेलिंगं होती, जातींची आणि गावांचीही नावं होती. ती छाटणं रास्तच. त्यातून १३६९ मातृभाषा ठरल्या. मग त्या मोठ्या भाषांखाली गटवल्या आणि देशात दहा हजारांहून कमी बोलणारे असलेल्या भाषा 'इतर'मध्ये टाकल्या. उरल्या १२१. दहा हजारांची ही चाळणी १९७१ पासूनची आहे. गणेश देवी यांच्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाने ती लावली नाही, तेव्हा ७८० भाषा नोंदल्या गेल्या.

खरा वाद गटवण्याचा आहे. कोणी 'लमाणी' सांगतो, कोणी 'बंजारी'. त्यामुळे २०११ च्या तक्त्यात दोन ओळी झाल्या: लमाणी-लंबाडी सुमारे ३२.८ लाख, बंजारी सुमारे १५.८ लाख. दोन्ही हिंदीखाली! भाषाशास्त्रज्ञ गोरमाटीचं नातं राजस्थानी बोलींशी सांगतात, पण जनगणनेने राजस्थानीच हिंदीत घातली आहे. वडारी तेलुगूखाली गेली, कैकाडी तमिळखाली.

याचा फायदा कोणाला? हिंदीचे ५२.८ कोटी, म्हणजे ४३.६ टक्के, असं सांगितलं जातं. त्यात स्वतःची मातृभाषा 'हिंदी' सांगणारे ३२.२ कोटीच आहेत. देशाच्या २७ टक्क्यांहून कमी. उरलेले वीस कोटी भोजपुरी, राजस्थानी, लमाणी वगैरे बोलणाऱ्यांचे. दुसरीकडे, आठव्या अनुसूचीतल्या कोकणीचे बोलणारे सुमारे २२.६ लाख. कोकणीला ते स्थान मिळालं याचा आम्हाला आनंदच आहे. पण एकट्या लमाणीच्या ओळीतला आकडाही तिच्यापेक्षा मोठा असताना गोरमाटी अनुसूचीबाहेर का? कारण कागदावर ती 'हिंदी' आहे, वेगळी भाषाच नाही.

पुढच्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ जाहीर झाली आहे. जातीच्या रकान्याबद्दल आपण जागे आहोत, मातृभाषेच्या रकान्याबद्दलही राहू या. तांड्यावर, वडारवाड्यात, ऊसतोडीच्या खोपीवर जाऊन एवढंच सांगायचं: आई बोलायची त्या भाषेचं नाव सांगा, सगळ्यांनी एकच नाव सांगा आणि प्रगणकाने काय लिहिलं ते वाचून घ्या. छाननीत ते नाव पुन्हा हिंदीखाली गेलं, तर जाब विचारायला आपल्या हातात निदान आकडा असेल.

जय भीम!