वाहतूक समस्या : वायव्य कोपरा पद्धत आणि इष्टतमता चाचणी

अनेक ठिकाणचा माल अनेक ठिकाणी पोचवायचा असतो. प्रत्येक वाटेचा दर ठाऊक असतो, पुरवठा आणि मागणीही ठाऊक असते. अशा वेळी एकूण भाडे कमीत कमी यावे म्हणून कोठून कोठे किती माल धाडावा, हे ठरवण्याच्या गणिताला वाहतूक समस्या म्हणतात. वाणिज्य, व्यवस्थापन आणि संख्याशास्त्राच्या पदवी परीक्षांत ती ऑपरेशन्स रिसर्च या विषयात येते.

इतिहास : माती हलवण्याच्या कमीत कमी श्रमाचा प्रश्न फ्रेंच गणिती मोंज याने १७८१ मध्ये मांडला होता. आजच्या रूपातील मांडणी अमेरिकेतील हिचकॉक यांच्या १९४१ च्या लेखात आढळते. सोव्हिएत रशियात कांटोरोविच आणि दुसऱ्या महायुद्धातील जहाज वाहतुकीच्या निमित्ताने कूपमन्स याच प्रश्नाकडे स्वतंत्रपणे वळले होते. त्यामुळे श्रेय एकालाच द्यावे का, याबद्दल एकवाक्यता नाही. डँट्झिग यांनी १९५१ मध्ये सिम्प्लेक्स पद्धत या प्रश्नाला लावली. कांटोरोविच आणि कूपमन्स यांना १९७५ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

उदाहरण : कापूस हे जालना जिल्ह्यातील खरिपाचे एक मुख्य पीक आहे. अंबड, परतूर आणि भोकरदन या तीन तालुक्यांतून जालना, शेजारच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील सिल्लोड आणि परभणी जिल्ह्यातील सेलू येथील जिनिंगला कापूस पाठवायचा आहे, असे धरू. पुढील आकडे परीक्षेच्या सोयीसाठी कल्पिलेले आहेत. दर एका ट्रकमागे हजार रुपयांत आहेत, पुरवठा आणि मागणी ट्रकांत.

| | जालना | सिल्लोड | सेलू | पुरवठा |
|---|---|---|---|---|
| अंबड | ३ | १० | ८ | २० |
| परतूर | ६ | १२ | ३ | ३० |
| भोकरदन | ६ | ३ | १२ | २५ |
| मागणी | ३० | २५ | २० | ७५ |

पुरवठा आणि मागणीची बेरीज सारखीच, म्हणजे ७५ आहे, म्हणून समस्या संतुलित आहे. तशी नसती तर शून्य दराची एक काल्पनिक ओळ किंवा स्तंभ जोडावा लागला असता.

पहिली वाटणी : नकाशात उत्तर वर आणि पश्चिम डावीकडे असते, म्हणून तक्त्याचा डावीकडचा वरचा चौकोन हा वायव्य कोपरा. तेथून सुरुवात करून त्या चौकोनात मावेल तितका माल भरायचा. पुरवठा संपला तर खाली सरकायचे, मागणी भागली तर उजवीकडे. अंबडचे २० ट्रक जालन्याला जातात आणि अंबड संपते. जालन्याला आणखी १० हवेत, ते परतूर देते. परतूरचे उरलेले २० सिल्लोडला जातात. सिल्लोडचे राहिलेले ५ आणि सेलूचे २० भोकरदन पुरवते. एकूण भाडे : २०×३ + १०×६ + २०×१२ + ५×३ + २०×१२ = ६१५, म्हणजे ६ लाख १५ हजार रुपये.

या वाटणीत दरांकडे एकदाही पाहिलेले नाही. परतूरहून सेलू जवळ आणि सिल्लोड लांब असूनही परतूरचा माल सिल्लोडला निघाला आहे आणि भोकरदनचा सेलूला. गणित इथेच थांबवणारा विद्यार्थी फक्त ‘चालेल असे’ उत्तर लिहितो, ‘सर्वांत स्वस्त’ नव्हे.

इष्टतमता चाचणी : आधी भरलेले चौकोन मोजायचे. ते ओळी अधिक स्तंभ वजा एक इतके हवेत. येथे ३ + ३ − १ = ५ आहेत, म्हणून चाचणी लागू होते. प्रत्येक ओळीला u आणि प्रत्येक स्तंभाला v असा अंक द्यायचा. भरलेल्या चौकोनात u + v ही बेरीज दराइतकी आली पाहिजे. परतूरचा u शून्य धरला तर जालन्याचा v ६ आणि सिल्लोडचा १२ येतो. त्यावरून अंबडचा u −३, भोकरदनचा −९ आणि शेवटी सेलूचा v २१.

आता रिकाम्या चौकोनांत दरातून u + v वजा करायचे. अंबड–सिल्लोड १, अंबड–सेलू −१०, परतूर–सेलू −१८, भोकरदन–जालना ९. उणे उत्तर म्हणजे त्या वाटेने एक ट्रक वळवला तर तितके हजार रुपये वाचतात. सर्वांत मोठी बचत परतूर–सेलूची आहे, म्हणून तेथे माल आणायचा. लूप असा : परतूर–सेलू अधिक, परतूर–सिल्लोड उणे, भोकरदन–सिल्लोड अधिक, भोकरदन–सेलू उणे. दोन्ही उणे चौकोनांत २० आहेत, म्हणून २० ट्रक वळतात आणि १८×२० = ३६० वाचतात. नवे भाडे २५५.

अवनती : परीक्षेत गुण बहुधा या वळणावर जातात. दोन्ही उणे चौकोन एकदम रिकामे झाले, त्यामुळे भरलेले चौकोन चारच उरले आणि सर्व u, v निघेनात. उपाय असा की नुकत्याच रिकाम्या झालेल्या दोहोंपैकी एका चौकोनात एप्सिलॉन, म्हणजे शून्याइतकाच अतिसूक्ष्म माल, ठेवायचा. तो परतूर–सिल्लोडमध्ये ठेवला तर रिकाम्या चौकोनांची उत्तरे १, ८, ९ आणि १८ येतात. एकही उणे नाही, चाचणी पूर्ण.

तोच एप्सिलॉन भोकरदन–सेलूमध्ये ठेवला तर भोकरदन–जालना −९ येते आणि वाटणी अजून महाग आहे असे भासते. पण त्या लूपमधून वळवता येणारा माल एप्सिलॉनइतकाच असतो. तो भोकरदन–जालन्यात हलतो, भाडे २५५ च राहते आणि पुढच्या फेरीत सर्व उत्तरे धन येतात. म्हणून अवनत तक्त्यात उणे चिन्ह दिसले तरी उत्तर चुकले असे लगेच मानू नये. लूपमधून किती माल हलतो ते आधी पाहावे.

स्तंभांचा क्रम : हाच तक्ता जालना, सेलू, सिल्लोड या क्रमाने मांडला तर वायव्य कोपरा पद्धत पहिल्याच फटक्यात २५५ देते. आकडे तेच, फक्त दोन स्तंभांची जागा बदलली. या पद्धतीच्या पहिल्या उत्तरावरून वाहतूक महाग की स्वस्त, हे ठरवता येत नाही. व्होगेलची पद्धत दर पाहून वाटणी करते, म्हणून तिची सुरुवात सहसा बरी असते. पण चाचणी तिलाही चुकत नाही.

मर्यादा : भाडे मालाच्या प्रमाणात वाढते असे येथे गृहीत आहे. अर्धा भरलेला ट्रक मात्र जवळपास पूर्ण भाडे घेतो.

अंतिम उत्तर : अंबड ते जालना २०, परतूर ते जालना १०, परतूर ते सेलू २०, भोकरदन ते सिल्लोड २५ ट्रक. किमान भाडे २ लाख ५५ हजार रुपये. उत्तरपत्रिकेत एप्सिलॉन शेवटच्या वाटणीत लिहू नये, आणि भाड्यासोबत एकक अवश्य लिहावे.