दुकान-हॉटेलचा नगरपंचायत परवाना : साहेब तोंडी 'नाही' म्हणाले, तर पुढे काय?

तालुक्याच्या गावात गाळा घेऊन नाश्ता सेंटर, किराणा, गॅरेज किंवा वेल्डिंगचं दुकान टाकणारे बरेच जण आपल्या खेड्यांतलेच असतात. गावात ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला घेतला की काम भागायचं. पण २०१४-१५च्या सुमारास अनेक तालुक्यांच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या आणि व्यवसाय परवाना, त्याचं नूतनीकरण, तपासणी हे सगळं मागे लागलं. यात फसगत होते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने. सगळा व्यवहार तोंडी चालतो, आणि तोंडी नकाराविरुद्ध दाद मागणं अवघड असतं.

आधी एक घोळ मिटवू. दुकानदार 'लायसन आहे' म्हणतो तेव्हा त्याच्या हातात बहुतेक वेळा गुमास्ता असतो. गुमास्ता कामगार विभागाचा. २०१७च्या कायद्यानुसार कामगार ठरावीक संख्येपेक्षा कमी असतील तर फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते, तीही धंदा सुरू केल्यापासून ६० दिवसांत. खाण्याच्या पदार्थांसाठी अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी किंवा परवाना लागतो, ते काम अन्न व औषध प्रशासनाचं. आणि त्या जागेत तो धंदा करायला परवानगी देतो तो नगरपरिषद-नगरपंचायतीचा व्यवसाय परवाना. एक असला म्हणून दुसरा माफ होत नाही. उलट बाजूही लक्षात ठेवा. नगरपंचायतीचा माणूस गुमास्त्यातली चूक दाखवून पैसे मागत असेल, तर ते त्याचं काम नाही.

आता एक नेहमीचं उदाहरण घेऊ. भाड्याच्या गाळ्यात मिसळ-वडापावचं छोटं हॉटेल आहे. परवान्याची मुदत ३१ मार्चला संपते. मालकाने १० फेब्रुवारीला नूतनीकरणाचा अर्ज नेला. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने कागद चाळले आणि म्हणाला, "गाळामालकाची घरपट्टी थकलीय, आधी ती भरा." अर्ज परत. पुढच्या आठवड्यात वेगळीच त्रुटी, "भाडेकरार जुना आहे." तिसऱ्या खेपेला साहेब रजेवर. असं करता करता मार्च उलटतो, मग 'विनापरवाना धंदा' म्हणून तपासणी होते, आणि तेव्हा 'मिटवून टाकू'ची भाषा सुरू होते.

या माणसाचं चुकलं ते पहिल्याच दिवशी. अर्ज परत घ्यायचाच नव्हता. अर्ज आवक विभागात द्यायचा, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. घेतच नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवायचा किंवा 'आपले सरकार' पोर्टलवर सेवा दिसत असेल तर तिथून करायचा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे अधिसूचित सेवेच्या अर्जाची पोच द्यावीच लागते, आणि पोचमध्ये अर्ज क्रमांक व सेवेची मुदत असावी लागते. नकार द्यायचा तर कारण लेखी द्यायचं आणि अपील कुणाकडे करायचं तेही कळवायचं. कोणती सेवा किती दिवसांत, फी किती, अधिकारी कोण, अपिलीय अधिकारी कोण, हा फलक कार्यालयात लावलेला असायला हवा. आधी मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा. पुढचं सगळं त्यावर चालतं.

समजा फलकावर १५ दिवस लिहिलेत. अर्ज १० फेब्रुवारीचा, म्हणजे मुदत २५ फेब्रुवारीला संपली. तोपर्यंत परवानाही नाही आणि लेखी नकारही नाही, तर ३० दिवसांच्या आत, म्हणजे २७ मार्चपर्यंत, प्रथम अपील करता येतं. लेखी नकार आला असेल तर तो मिळाल्यापासून ३० दिवस धरायचे. अपिलाचा निर्णयही ३० दिवसांत द्यायचा असतो. त्यानंतर द्वितीय अपील आणि शेवटी लोकसेवा हक्क आयोग. विनाकारण सेवा अडवल्याचं सिद्ध झालं तर संबंधित अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. रक्कम छोटी वाटेल, पण ती कार्यालयाच्या नव्हे, त्याच्या खिशातून जाते, म्हणून धाक राहतो.

घरपट्टीच्या थकबाकीचं काय? इथे जरा सांभाळून. तुमच्या नगरपंचायतीने थकबाकी नसल्याचा दाखला ही अट ठरावाने घातली असेल, तर अपिलात नुसतं 'अन्याय झाला' म्हणून भागणार नाही. आधी लेखी विचारा, की ही अट कोणत्या नियमात किंवा ठरावात आहे. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात १० रुपये भरून ठरावाची, फीच्या दरपत्रकाची आणि आपल्या फाइलवरच्या टिपणीची प्रत मागा. उत्तराला ३० दिवस असतात. अट खरी निघाली तर गाळामालकाशी बोलून पट्टी तुम्ही भरा आणि भाड्यातून वळती करा, पण तसं दोघांच्या सहीचं लिहून घ्या. नाहीतर भाडंही द्यावं लागेल आणि पट्टीही.

आणि फी भरल्याची पावती म्हणजे परवाना नव्हे. पावती भिंतीला लावून वर्षभर निर्धास्त बसलेले दुकानदार आम्ही पाहिलेत.

तपासणीला निरीक्षक आले तर अडवू नका, तो त्यांचा अधिकार आहे. ओळखपत्र बघा, नाव-तारीख वहीत लिहून ठेवा. परवाना दर्शनी भागात आहे का, परवान्यावर लिहिलेलाच धंदा चालतो का, सिलिंडर कुठे ठेवलेत, खरकटं पाणी किंवा गॅरेजचं ऑइल गटारात जातं का, हे ते बघतात. खरी चूक बहुतेक दुसऱ्या मुद्द्यावर सापडते. परवाना किराण्याचा आणि दारात भजीची कढई, असं असेल तर निरीक्षकाच्या हातात तुम्हीच कोलीत दिलंत. परवान्यात धंद्याचा बदल करून घेण्यासाठी वेगळा अर्ज असतो, तो आधीच करा.

पंचनामा केला तर वाचल्याशिवाय सही नको. पटत नसेल तर 'मान्य नाही' आणि कारण आपल्या हाताने लिहून मग सही करा, प्रत मागा. परवाना रद्द करायचा असेल तर साधारणपणे आधी नोटीस आणि तुमचं म्हणणं मांडायची संधी मिळायला हवी. नोटिशीला उत्तर मुदतीत द्या, सोबत दुरुस्तीचे फोटो जोडा. जागेवरच दंड मागितला तर छापील, क्रमांक असलेली पावती मागायची. पावती नसेल तर तो दंड नाही.

मग ती लाच. तिची तक्रार लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या टोल-फ्री नंबरवर करता येते. पैसे देण्याआधी कळवलं तर विभाग सापळा लावू शकतो. २०१८च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. मात्र बळजबरीने द्यावी लागली असेल आणि सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा या विभागाला कळवलं, तर तो गुन्हा लागत नाही. म्हणून 'देऊन टाकले, आता काय' म्हणत गप्प बसलात, तर आठव्या दिवसापासून तुम्हीही अडकता. तक्रार केली तरी परवान्याचा अर्ज आणि अपील वेगळं चालू ठेवा, एकाने दुसऱ्याची मुदत थांबत नाही.