तळटीप : १२०,००० डॉलरचे रुपये
* मूळ पत्रातला १२०,००० डॉलर हा पगार वर्षाचा आहे. आपल्याकडे तो बहुधा महिन्याचा सांगतात. सोयीसाठी डॉलर ८० रुपयांचा धरला, तर ९,६००,००० रुपये होतात. घोटाळा होतो तो इथे. पहिला स्वल्पविराम पाहून कुणी नऊ लाख वाचतो, कुणी नऊ कोटी. उजवीकडून आधी तीन, मग दोन-दोन अंक तोडले की ९६,००,००० दिसतात : शहाण्णव लाख, म्हणजे महिना आठ लाख. मिलियनच्या आकड्याला दहाने गुणले की लाख मिळतात. बिलियन म्हणजे शंभर कोटी. पगार करापूर्वीचा आहे आणि तिथले घरभाडेही डॉलरमध्येच द्यावे लागते, तेव्हा आठ लाखांना इथल्या आठ लाखांच्या मापाने मोजू नये. – संपा.