ऋण रिपोर्टवर लगेच विश्वास का ठेवायचा नाही?

समजा, वर्ध्यातलं ५ वर्षांचं मूल आहे. वजन वाढत नाही, पोट फुगलेलं असतं. टिशू ट्रान्सग्लुटामिनेजविरोधी आयजीए तपासलं, रिपोर्ट ऋण आला. मग सिलिअ‍ॅक नाही म्हणायचं का? थांबा.

आधी ही टेस्ट आली कुठून ते बघू. गव्हाशी या आजाराचा संबंध डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९४०च्या दशकात दाखवला. पण रुग्णाच्या अँटिबॉडी नेमक्या कशाला चिकटतात, हे कळायला १९९७ साल उजाडलं. बर्लिनमध्ये डीटरिश, शुप्पान आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या रक्तातलं आयजीए वापरून पेशींमधून एक प्रथिन ओढून काढलं. ते निघालं टिशू ट्रान्सग्लुटामिनेज. त्यावरूनच आजची टेस्ट बनली.

म्हणजे टेस्टचा सगळा भार आयजीएवर! काही मुलांच्या शरीरात आयजीए जवळजवळ बनतच नाही, आणि सिलिअ‍ॅकच्या रुग्णांत हे जास्त आढळतं. म्हणून एकूण आयजीए सोबत मोजतात. आपल्या मुलाचं ते ५ मिग्रॅ/डेसिलिटर निघालं, तर ऋण रिपोर्टला अर्थ उरत नाही. आयजीजीवर आधारित टेस्ट करावी लागते.

एकूण आयजीए नॉर्मल आलं तरी एक प्रश्न विचाराच: मूल गहू खातं का? घरात फक्त ज्वारीची भाकर असेल तर ग्लूटेन पोटात जातच नाही, आणि अँटिबॉडी कमी दिसू शकतात.

शोधनिबंध वाचताना बघा, एकूण आयजीए मोजलं होतं का? नसेल, तर ‘ऋण’ गटात काही रुग्ण लपलेले असू शकतात.